आयकराच्या नोटिशीला उत्तर द्यायचंय, कागद अजून हातात नाहीत. तारीख कशी वाढवून मागायची?

निनाद७ | ८ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे (वय ७६), धावपळ मी करतोय.

बाबांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आमचा जुना फ्लॅट ६२ लाखांना विकला. तो त्यांनी २००६-०७ साली १४ लाखांना घेतला होता. मधे २०१३-१४ मध्ये घरात बरंच काम काढलं होतं: सगळी फरशी, वायरिंग, नळजोडणी, एक भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं केलं. त्याला ४ लाख गेले. जुलै २०२३ मध्ये रिटर्न भरताना तेव्हाच्या सीएंनी खरेदीची रक्कम आणि हे ४ लाख, दोन्हींवर इंडेक्सेशन घेऊन उरलेल्या नफ्यावर कर भरला. त्या सीएंनी आता काम थांबवलंय.

रिटर्न छाननीला निवडलं गेलं. मागच्या जूनमध्ये पहिली नोटीस आली होती, तिला उत्तर दिलं. आता ५ तारखेला कलम १४२(१) खाली नोटीस आलीय. ११ मुद्दे आहेत आणि १२ फेब्रुवारी, दुपारी ३ पर्यंत उत्तर मागितलंय. बाकीचं बहुतेक आहे, पण त्या ४ लाखांच्या कामाचे पुरावे नाहीत. बिलं सापडत नाहीत. पैसे चेकने दिले होते, पण ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली. नव्या बँकेत अर्ज दिलाय, ते म्हणतात जुनं रेकॉर्ड मागवायला पंधरा दिवस तरी लागतील.

पोर्टलवर Seek/View Adjournment असं दिसतंय. तिथे सरळ एक महिना मागावा, १२ मार्चपर्यंत, आणि सगळं एकदम नीट लावून द्यावं असा विचार आहे. बाबा मात्र रात्री झोपत नाहीत. त्यांच्या मते तारीख मागितली की साहेब चिडतात.

---

प्रभाकर_जो | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

तारीख वाढलीये का? माझं मागच्या वर्षीचं रिटर्न राहिलंय. लिंक द्या.

---

खडूस | ८ फेब्रुवारी, रात्री १०:११

प्रभाकरराव, हा रिटर्नच्या तारखेचा धागा नाही, सुनावणीच्या तारखेचा आहे. तुमची उशिराच्या रिटर्नची तारीख वाढवली होती, ती १५ जानेवारीला संपली.

निनाद, साहेब चिडायला साहेब आहेत कुठे? सगळं फेसलेस. कोण, कुठे बसलंय ते तुम्हालाही माहीत नाही, त्यांनाही तुम्ही माहीत नाही. बाबांना झोपायला सांगा.

---

आडवाट | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३८

काही काळजी करू नका. कायद्याने तीन वेळा तारीख मागायचा तुमचा हक्क आहे. कारण लिहायचं, अर्ज टाकायचा, तारीख मिळते. मी गेली आठ वर्षं व्यापाऱ्यांची कामं बघतो, तीनच्या आत कुणी नाही म्हणत नाही. महिना मागा बिनधास्त. अर्धवट उत्तर मात्र अजिबात देऊ नका. अर्धवट दिलं की त्यावरच बोट ठेवतात.

---

टिपणवही | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

आडवाट, तुम्ही जीएसटीची कामं बघता का? तीन वेळांचा उल्लेख जीएसटी कायद्याच्या कलम ७५(५) मध्ये आहे, आणि तिथेही तो हक्क म्हणून नाही, मर्यादा म्हणून आहे. पुरेसं कारण दिसलं तर अधिकारी तारीख देईल, त्याची कारणं लेखी नोंदवेल आणि तीनपेक्षा जास्त वेळा देणार नाही. आयकराच्या छाननीत असा आकडा नाही. एकदाही मिळणार नाही असं होऊ शकतं, चारदा मिळाली असंही मी पाहिलंय.

निनाद, तुमच्या प्रश्नात खरी तारीख १२ फेब्रुवारी नाहीच. खरी तारीख आहे ३१ मार्च २०२५. तुमचं करनिर्धारण वर्ष २०२३-२४. ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत छाननीचा आदेश निघालाच पाहिजे, नाहीतर प्रकरण मुदतबाह्य होतं. आणि तुम्ही मागून घेतलेली तारीख या बारा महिन्यांतून वजा होत नाही. काही गोष्टींचा काळ वजा होतो, कोर्टाची स्थगिती, विशेष ऑडिट वगैरे. करदात्याने मागितलेल्या तहकुबीचा होत नाही. म्हणजे तुम्हाला दिलेला प्रत्येक दिवस अधिकारी स्वतःच्या दिवसांतून देतो.

आता त्याच्या बाजूने मोजा. तुमचं उत्तर आल्यावर ते वाचायचं, पटलं नाही तर कारणे दाखवा नोटीस काढायची, तिला उत्तर द्यायला तुम्हाला वेळ द्यायचा, तुम्ही व्हिडिओ सुनावणी मागितली तर ती ठेवायची, मग आदेश लिहायचा. १२ मार्च दिली तर हे सगळं १९ दिवसांत. असा अर्ज नाकारायला कुणाला फार विचार करावा लागत नाही. हाच अर्ज ऑगस्टमध्ये असता तर महिना सहज मिळाला असता. अर्जातलं कारण तितकंच खरं असतं, फक्त कॅलेंडर बदललेलं असतं.

आणि अर्धवट उत्तराबद्दल आडवाट म्हणतात त्याच्या अगदी उलट करा. ११ पैकी किती मुद्द्यांची उत्तरं आज तयार आहेत?

---

निनाद७ | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

आठ मुद्द्यांची तयार आहेत. खरेदीखत, विक्रीचा करारनामा, २०२२ चं बँक स्टेटमेंट, नफ्याचा हिशेब, खरेदीदाराने कापलेला टीडीएस वगैरे. उरलेले तीनही मुद्दे त्या कामाबद्दलच आहेत: बिलं, पैसे कसे दिले, आणि काम नेमकं काय केलं.

---

टिपणवही | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

मग आठ मुद्द्यांचं उत्तर उद्याच टाका. टाकताना Partial Response निवडा, Full Response नाही. Full निवडणं म्हणजे माझं सगळं देऊन झालं असं तुम्हीच सांगणं. घाईत लोक हे चुकतात आणि मग उरलेले कागद घेऊन बसतात. पीडीएफ प्रत्येकी ५ एमबीच्या आत ठेवा. खरेदीखत रंगीत स्कॅन केलं असेल तर ते हमखास मोठं होतं, काळ्या-पांढऱ्यात परत करा.

उरलेल्या तीन मुद्द्यांपुरतीच वेळ मागा. यात फरक काय पडतो ते आकड्यात बघा. तुमचा हिशेब मी ढोबळ करून पाहिला. २००६-०७ चा निर्देशांक १२२, विक्रीच्या वर्षाचा ३३१. म्हणून १४ लाखांचे होतात ३७,९८,३६१. कामाच्या ४ लाखांचे, २०१३-१४ च्या २२० निर्देशांकाने, ६,०१,८१८. दोन्ही वजा जाता नफा १७,९९,८२१. बरोबर?

आता तुम्ही काहीच न देता नुसती तारीख मागितली आणि ती मिळाली नाही, तर अधिकाऱ्यासमोर खरेदीखतही नाही. तो १४२(१) चं पालन झालं नाही म्हणून कलम १४४ खाली त्याच्या समजुतीप्रमाणे आदेश काढू शकतो, आणि खरेदीची किंमतच मान्य केली नाही तर नफा धरला जाईल पूर्ण ६२ लाख. आठ मुद्दे देऊन ठेवलेत तर वाईटात वाईट म्हणजे कामाचे ६,०१,८१८ नामंजूर होतील. त्यावर २० टक्क्यांनी कर १,२०,३६४ आणि वर सेस, व्याज. दुखेल, पण घर बुडणार नाही.

---

मीनल_र | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

निनाद, टिपणवही सांगतायत ते ऐका. माझ्या बाबतीत नेमकं हेच उलटं झालं. गेल्या वर्षी फेब्रुवारीतच. "कागदपत्रे गोळा करणे चालू आहे, एक महिना मुदत द्यावी" इतकंच लिहून अर्ज टाकला. स्क्रीनवर ट्रान्झॅक्शन आयडी आला, मी समजले तारीख मिळाली. नवी तारीख काही आलीच नाही. मी पोर्टल उघडून पाहिलं नाही, ईमेल जुन्या पत्त्यावर जात होते. मार्चच्या शेवटी थेट आदेश, १४४ चा. खरेदीची किंमत शून्य धरलेली.

अपील केलं. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत करावं लागतं, ते कसंबसं जमवलं. वसुली थांबावी म्हणून मागणीच्या २० टक्के भरले. अपील अजून पडून आहे. त्या अर्जाची पोच आता तिथे कामाला येतेय म्हणतात, पण माझ्या अर्जात कुठला कागद, कुठून येणार, कधी येणार यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे किती कामाला येईल कोण जाणे.

---

खडूस | ९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

हेच म्हणतो मी. त्यांना द्यायचं नसलं की देत नाहीत. सात दिवसांत २०१३ चे कागद मागतात, हा कुठला न्याय? अर्ज नाकारला तर सरळ हायकोर्टात रिट टाका. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व. संधी न देता काढलेले आदेश कोर्टाने रद्द केलेत, एक नाही शंभर.

---

टिपणवही | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

रद्द केलेत, खरंय. पण रद्द करतानाही कोर्ट काय बघतं? तुम्ही वेळेत मागितलंत का, नेमकं कशासाठी मागितलंत, आधीच्या नोटिशींना उत्तर दिलं होतंत का. आणि रद्द झालं तरी प्रकरण परत त्याच टेबलावर नव्याने चौकशीला जातं. ६ लाखांच्या वजावटीसाठी हायकोर्ट गाठणं म्हणजे वकिलाची फी आणि कराची रक्कम यांची शर्यत लावणं.

मीनलताई, तुमच्या प्रकरणात दोन गोष्टी आहेत. नियम ४६अ खाली अपिलात नवा पुरावा देता येतो, पण तो आधी देण्यापासून पुरेशा कारणाने अडवले गेलो होतो हे दाखवावं लागतं. बँकेला वगैरे त्या काळात केलेले अर्ज असतील तर शोधून तेही जोडा, मोघम अर्जाला त्यांनी वजन येईल. दुसरं, ऑक्टोबर २०२४ पासून १४४ चा आदेश असेल तर अपील आयुक्त प्रकरण नव्याने निर्धारणासाठी परत पाठवू शकतात. तुमच्या वकिलांना याबद्दल विचारा.

यातूनच निनादला सांगायचं ते निघतं. तहकुबीचा अर्ज दोन वाचकांसाठी लिहायचा. एक आजचा अधिकारी. दुसरा दोन वर्षांनी अपिलात बसलेला माणूस, ज्याला तुमच्याबद्दल त्या कागदापलीकडे काहीही माहीत नसेल. "कागद गोळा करतोय" हे वाक्य दुसऱ्या माणसाला काहीच सांगत नाही. त्यापेक्षा: अमुक बँकेच्या अमुक खात्याचं २०१३-१४ चं स्टेटमेंट, अर्ज अमुक तारखेला दिला, पोच जोडली आहे, बँकेने सांगितलेला अंदाज असा. बँकेकडून पोच घेतलीत ना?

---

निनाद७ | ९ फेब्रुवारी, संध्या. ६:१०

नाही घेतली :( काउंटरवर अर्ज दिला, बाईंनी ट्रेमध्ये ठेवला.

---

टिपणवही | ९ फेब्रुवारी, संध्या. ६:२२

उद्या सोमवार. दहाला बँकेत. दुसरी प्रत, शिक्का, सही, तारीख. अर्जातच एक ओळ घाला: रेकॉर्ड उपलब्ध नसेल तर तसं लेखी द्यावं. जुना तपशील बँकेने कायम ठेवलाच पाहिजे असं नाही. तो मिळालाच नाही तर "मिळत नाही" हे बँकेचं पत्रही पुरावा आहे, निदान तुम्ही हात बांधून बसला नव्हता एवढा तरी.

---

आडवाट | ९ फेब्रुवारी, रात्री ८:००

जीएसटीचा मुद्दा मान्य. माझं डोकं त्यातच असतं. पण एक सांगतो, किती तारीख मागायची हे महत्त्वाचं. मी नेहमी लागेल त्याच्या दुप्पट मागतो, म्हणजे कापून दिली तरी पुरते.

---

टिपणवही | ९ फेब्रुवारी, रात्री ८:३५

ऑगस्टमध्ये चालतं. फेब्रुवारीत दुप्पट मागितलं की समोरच्याला वाटतं वेळ काढतायत. बँक पंधरा दिवस म्हणते, अर्ज कधी दिला होता?

---

निनाद७ | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४१

६ तारखेला. म्हणजे २१ च्या आसपास.

---

टिपणवही | ९ फेब्रुवारी, रात्री ८:५८

मग २४ फेब्रुवारी मागा, सोमवार आहे. आणि बँकेवर विसंबून राहू नका. घराचं काम सोसायटीच्या परवानगीने केलं असणार, ते पत्र शोधा. ठेकेदार हयात असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या: काय काम केलं, किती घेतले, कसे घेतले, पॅन नंबर. जुनं पासबुक घरात कुठेतरी असतंच. जुन्या माणसांच्या घरात पासबुक टाकून देत नाहीत.

अजून एक, हे कुणी आधीच विचारायला हवं होतं. त्या ४ लाखांत रंगकाम आहे का?

---

निनाद७ | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

आज दिवसभर धावपळ. बँकेचा शिक्का मिळाला. कपाटात पासबुक खरंच सापडलं, पण २०१५ नंतरचं! सोसायटीचं परवानगीपत्र मिळालं, भिंत पाडण्याचा उल्लेख आहे त्यात.

रंगकाम आहे. बाबा म्हणतात ५० हजार त्याचेच होते, रोख दिले होते. बाकी ३ लाख ५० हजार तीन चेकने.

आठ मुद्द्यांचं उत्तर Partial Response म्हणून टाकलं. मग Seek/View Adjournment मध्ये गेलो. तारीख, कारण, शेरा आणि फाइल जोडायची सोय आहे. शेऱ्यात दोन ओळी लिहून पत्र पीडीएफ म्हणून जोडलं. मूळ इंग्रजीत टाकलंय, मजकूर साधारण असा आहे, चूक असेल तर सांगा:

*विषय: करनिर्धारण वर्ष २०२३-२४, कलम १४२(१) ची दि. ५-२-२०२५ ची नोटीस. मुद्दा ६, ७ व ९ पुरती मुदत मिळण्याबाबत.*

*महोदय, सदर नोटिशीतील ११ पैकी ८ मुद्द्यांचे उत्तर कागदपत्रांसह आज सादर केले आहे. मुद्दा ६, ७ व ९ हे २०१३-१४ मधील घराच्या सुधारणेच्या खर्चाबाबत आहेत. हा खर्च अकरा वर्षांपूर्वीचा असून पैसे ज्या बँकेतून दिले ती आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. खाते उताऱ्यासाठी दि. ६-२-२०२५ रोजी अर्ज केला आहे. पोच जोडली आहे. बँकेने सुमारे पंधरा दिवसांचा अवधी सांगितला आहे. सोसायटीचे परवानगीपत्र सोबत आहे. ठेकेदाराचे लेखी निवेदन मिळवण्याचे काम चालू आहे. करदाते ७६ वर्षांचे आहेत. या तीन मुद्द्यांपुरती दि. २४-२-२०२५ पर्यंत मुदत द्यावी. उतारा आधी मिळाल्यास तारखेची वाट न पाहता सादर करू. सादर केलेल्या कागदांच्या आधारे प्रतिकूल निष्कर्ष काढायचा झाल्यास त्याआधी आम्हाला ऐकून घ्यावे.*

---

टिपणवही | १० फेब्रुवारी, रात्री १०:०४

चांगलं झालंय. फक्त बँकेच्या पोचेवर तारीख १० ची पडली असेल आणि पत्रात तुम्ही ६ लिहिलीय. पोच पाहिली की तो फरक पहिल्यांदा दिसणार.

---

निनाद७ | १० फेब्रुवारी, रात्री १०:१२

अरे देवा. शिक्का १० चाच आहे. आता?

---

टिपणवही | १० फेब्रुवारी, रात्री १०:२०

घाबरण्यासारखं नाही. पुढच्या उत्तरात एक ओळ: अर्ज ६ ला दिला, पोच १० ला घेतली. खरं आहे ते लिहायचं. आणि ट्रान्झॅक्शन आयडीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण अर्ज टाकला म्हणजे तारीख मिळाली असं नाही, मीनलताईंचं डोळ्यासमोर ठेवा. रोज एकदा लॉगिन करायचं. १२ ला ३ वाजेपर्यंत काही आलं नाही तर मुदत १२ चीच आहे असं धरायचं. आठ मुद्दे दिलेत ते यासाठीच. काहीच न देता मुदत चुकली की प्रत्येक वेळी दहा हजारांपर्यंतचा दंड लागू शकतो, २७२अ(१)(ड) खाली. वाजवी कारण दाखवता आलं तर तो लागत नाही, आणि ते कारण तुमच्याकडे आता कागदावर आहे.

---

निनाद७ | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

काल नवी नोटीस आली. २० फेब्रुवारीपर्यंत दिलंय. २४ मागितली होती, चार दिवस कापले.

---

आडवाट | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

म्हणूनच म्हणत होतो दुप्पट मागा :)

---

निनाद७ | १९ फेब्रुवारी, रात्री ११:००

बँकेचं अजून आलेलं नाही. ठेकेदार आता काम करत नाहीत, मुलगा बघतो. पण त्यांनी स्वतः पत्र दिलं, पॅनसकट. त्यात रक्कम ४ लाख, तीन चेक आणि ५० हजार रोख असं आहे. परत तारीख मागू का?

---

टिपणवही | १९ फेब्रुवारी, रात्री ११:२५

आधी ठेकेदाराचं पत्र टाका, Partial म्हणूनच. मग दुसरा अर्ज, फक्त उताऱ्यापुरता, २५ पर्यंत. पहिल्यापेक्षा दुसऱ्या अर्जात काहीतरी पुढे सरकलेलं दिसलं पाहिजे, तेच कारण जसंच्या तसं परत टाकलं की वाचणारा पहिलाही अर्ज खोटा समजतो. बँकेला आज एक स्मरणपत्र ईमेलने पाठवलंत तर तेही जोडता येईल. मिळेलच असं मात्र समजू नका.

---

निनाद७ | २१ फेब्रुवारी, रात्री ८:४५

दुसऱ्या अर्जाला उत्तर नाही. पण आज दुपारी बँकेने उतारा दिला! उद्या चौथा शनिवार, आज नसता मिळाला तर सोमवारच होता. मुदत काल संपली होती, तरी उत्तर टाकायची सोय अजून चालू दिसली, लगेच टाकून दिलं. सोबत ६ आणि १० तारखेचा खुलासाही.

उताऱ्यात तीनही चेक आहेत: १,५०,०००, १,२०,००० आणि ८०,०००. पहिल्या दोनसमोर ठेकेदाराचं नाव आहे. तिसऱ्यासमोर नुसता चेक नंबर.

---

खडूस | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आता बघा, त्या ८० हजारांवर अडतील.

---

निनाद७ | ४ मार्च, सकाळी ७:५०

खडूस, तोंडात साखर म्हणू की काय म्हणू. कारणे दाखवा नोटीस आली. खरेदीची किंमत मान्य. नाव असलेले दोन चेक, २ लाख ७० हजार, मान्य. ८० हजार आणि रोख ५० हजार का नामंजूर करू नयेत ते १० मार्चपर्यंत सांगा.

---

टिपणवही | ४ मार्च, सकाळी १०:३०

याला तारीख मागू नका. आता खरोखर दिवस उरलेले नाहीत आणि तुमच्याकडे मागायला कारणही नाही. ८० हजारांसाठी ठेकेदाराच्या पत्रात चेक नंबर आहे का? नसेल तर दुसरं पत्र घ्या, नंबर, तारीख, रक्कम उताऱ्याशी जुळवून. ५० हजारांबद्दल प्रामाणिक मत सांगते. रोख, पावती नाही, वर रंगकाम. नुसतं रंगकाम सहसा देखभालीत धरलं जातं, घराच्या सुधारणेत नाही. मोठ्या कामाचाच तो भाग होता असं म्हणता येईल, पण त्यावर फार जोर लावू नका.

---

आडवाट | ४ मार्च, सकाळी ११:१५

मी तर जोर लावेन. भिंत पाडल्यावर रंग लावणार नाही तर काय उघडी ठेवणार? सुधारणेच्या कामाचा शेवटचा टप्पा आहे तो.

---

टिपणवही | ४ मार्च, दुपारी १२:०५

युक्तिवाद बरा आहे, लिहा तोही. रोखीचं काय करायचं ते मला सुचत नाही.

---

निनाद७ | २६ मार्च, रात्री ९:२०

आदेश आला, १४३(३) चा. ८० हजार मान्य झाले. ५० हजार नामंजूर, कारण रोख आणि पावती नाही. रंगकाम देखभाल की सुधारणा यावर एक शब्द नाही. इंडेक्सेशन धरून उत्पन्नात वाढ ७५,२२७. कर १५,०४५, सेस ६०२, म्हणजे १५,६४७, वर व्याज. सोबत २७०अ खाली दंडाची नोटीसही आहे, उत्पन्न कमी दाखवलं म्हणून.

बाबांना सांगितलं तर म्हणाले भरून टाक आणि विषय संपव.

---

आडवाट | २६ मार्च, रात्री ९:५०

अपील करा. रंगाचा मुद्दा त्यांनी विचारातच घेतला नाही, सरळ जिंकाल.

---

टिपणवही | २६ मार्च, रात्री १०:२०

निनाद, थांबा. अपील न करता कर आणि व्याज मुदतीत भरलं, तर २७०अअ खाली दंडातून सूट मागता येते. फॉर्म ६८, आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एक महिन्याच्या आत. म्हणजे तुम्हाला एप्रिल अखेरपर्यंत. आधी नोटिशीत एवढं बघा, नुसतं उत्पन्न कमी दाखवल्याचं म्हटलंय की चुकीचं दाखवल्याचं. दुसरं असेल तर ही सूट साधारणपणे मिळत नाही. अपील केलंत तर मात्र ही वाट बंद. १५ हजारांसाठी मी अपील करणार नाही, पण आडवाटांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, बाबांचं आणि तुमचं काय ठरतं ते बघा.

---

मीनल_र | २७ मार्च, सकाळी ७:३५

निनाद, तुमचं ते पत्र मी उतरवून घेतलं. माझ्या बँकेचे तेव्हाचे दोन ईमेल सापडलेत, पैकी एक अर्जाच्या आधीच्या दिवसाचा आहे. टिपणवही, हे अपिलात आता जोडता येतील ना, की सुनावणीची नोटीस येईपर्यंत थांबू?

---

टिपणवही | २७ मार्च, सकाळी ८:००

थांबू नका, आजच टाका.